डिस्चार्जच्या आदल्या रात्री बिल कसं वाचायचं

माझं चोपड्याला मेडिकल दुकान आहे. दिवसभर बिलं फाडण्यात जातो, त्यामुळे दुसऱ्याचं बिल हातात आलं की नजर आपोआप बॅच नंबरवर जाते. तरीही मामांचं हर्नियाचं ऑपरेशन जळगावला झालं तेव्हा पहिल्यांदा बिल पाहून मीही फक्त खालचा आकडाच वाचला. दवाखान्याचं बिल वाचायला शिकलो ते त्याच रात्री, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून. तीच पद्धत इथे पायरीपायरीने लिहितो.

मामा 58 वर्षांचे. केळीचे घड वाहण्यात आयुष्य गेलं, त्यातून जांघेत हर्निया झाला. शिवाय साखर आहे. सोमवारी संध्याकाळी सहाला दाखल झाले, मंगळवारी अकराला जाळी बसवून ऑपरेशन झालं आणि गुरुवारी सकाळी अकराला सोडणार होते. बिल दोन भागांत होतं. एक दवाखान्याचं, दुसरं त्यांच्याच आतल्या मेडिकलचं. दोन्ही मिळून बहात्तर हजारांच्या आसपास. मामांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हाई काय शे रे भाऊ?" प्रश्न अगदी रास्त होता.

आधी कागद गोळा करा, तेही बुधवारीच

गुरुवारी अकराला काउंटरवर उभं राहून बिल तपासता येत नाही. खाली गाडीवाला थांबलेला असतो, पेशंट चपला घालून बसलेला असतो आणि रांगेतले लोक पाठीमागून ढकलत असतात. म्हणून डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी बिलिंगमध्ये जाऊन सांगा, "आजपर्यंतचं आयटमवाइज बिल काढून द्या." बहुतेक दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कच्चं बिल निघतं. काही जण 'समरी'चा एकच कागद देतात, त्यावर 'औषधे', 'ओटी', 'इतर' अशा चार-पाच ओळी असतात. तो कागद तपासायच्या कामाचा नाही. प्रत्येक वस्तूची तारीख, संख्या आणि दर दाखवणारा कागद मागा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 साली जी दुरुस्ती झाली तिच्यात तपशीलवार बिल हा रुग्णाचा हक्क म्हणून धरला आहे, आणि दरफलक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणंही बंधनकारक केलं आहे. हे सांगताना आवाज चढवायची गरज पडत नाही.

त्यासोबत आणखी तीन गोष्टी लागतात. मेडिकलची सगळी बिलं, रिटर्न बिलांसकट. वॉर्डातल्या केसपेपरमधली ट्रीटमेंट शीट, म्हणजे कोणतं औषध कधी दिलं आणि सिस्टरने त्यापुढे सही कुठे केली तो तक्ता. आणि ऑपरेशनची नोंद. ट्रीटमेंट शीटचा फोटो काढू द्यायला सिस्टर कधीकधी कचरतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारा. अगदीच नाही म्हणाले तर झेरॉक्ससाठी लेखी अर्ज द्या. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितलेली कागदपत्रं 72 तासांत द्यावी लागतात. मला मात्र अर्ज लागला नाही. रात्रपाळीची सिस्टर म्हणाली, "घ्या भाऊ, पण फाइल इथेच ठेवा."

दिवस मोजा, कारण दिवस चुकला की चार ओळी चुकतात

बिलाच्या पहिल्या पानावर खोलीचे दिवस असतात. मामांच्या बिलात 4 लिहिले होते. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार असे बोटांवर मोजले तर चारच होतात. पण ते त्या इमारतीत होते सोमवार सायंकाळी सहा ते गुरुवार सकाळी अकरा, म्हणजे 65 तास. चोवीस तासांचा दिवस धरला तर तीन दिवसांच्या आत. दुपारी बारा ते दुपारी बारा धरला तरी तीनच. चार येतात ते फक्त कॅलेंडरच्या तारखा मोजल्या तर. कोणती पद्धत लागू आहे ते दरफलकावर किंवा दाखल होताना सही घेतलेल्या फॉर्मवर असतं. इथे फलकावर 'दिवस दुपारी 12 ते 12' असं स्वच्छ लिहिलं होतं.

खोलीचा दर 1,800 होता, पण चूक तेवढ्यावर थांबत नाही. नर्सिंगचे 400 आणि आरएमओचे, म्हणजे वॉर्डात चोवीस तास असणाऱ्या निवासी डॉक्टरांचे, 300 हेसुद्धा दिवसाच्या हिशेबानेच लागतात. म्हणजे एक दिवस जास्त धरला की 2,500 वाढतात. खोलीची ओळ दुरुस्त करून घेऊन बाकीच्या दोन तशाच सोडणारे नातेवाईक मी पाहिलेत.

मेडिकलचं बिल: विकत किती, दिलं किती, परत किती

दुबार आकारणी सगळ्यात जास्त इथेच सापडते. बहुतेक वेळा त्यामागे कोणाचा कट नसतो, कामाची रीतच तशी असते. सकाळी सिस्टर दिवसभराच्या औषधांची इंडेंट, म्हणजे मागणीची चिठ्ठी, मेडिकलला पाठवते. माल वॉर्डात येतो आणि त्याच वेळी तुमच्या नावावर बिल पडतं. राऊंडला डॉक्टर एखादं इंजेक्शन बंद करतात. मग उरलेल्या वायल वॉर्डाच्या कपाटात जातात आणि रिटर्नची नोंद करायची राहून जाते. माझ्याच दुकानाचं म्हणाल तर मी रोज संध्याकाळी रिटर्नचा डबा उघडतो. तो एक दिवस उघडला नाही तर दुसऱ्या दिवशी कोणाचं काय हे कोणालाच आठवत नाही.

यासाठी वहीचं एक पान घ्या. प्रत्येक औषधासमोर तीन आकडे लिहा: सगळ्या बिलांत मिळून किती आलं, ट्रीटमेंट शीटवर किती वेळा दिलं, रिटर्न बिलात किती गेलं. आलेल्यातून दिलेलं आणि परत गेलेलं वजा केलं की शून्य उरायला हवं. सगळी औषधं तपासत बसू नका. महाग असलेली आणि रोज दिली जाणारी अशी पाच-सहा पुरतात.

मामांना सेफ्ट्रायाक्सोन हे अँटिबायोटिक सकाळ-संध्याकाळ नऊ वाजता चालू होतं. शीटवर सह्या होत्या सोमवार रात्र, मंगळवार दोन्ही वेळ आणि बुधवार दोन्ही वेळ, शिवाय गुरुवार सकाळचा एक डोस बाकी. एकूण सहा. बिलांत वायल होत्या 10. परत काहीच नाही. म्हणजे चार वायल अधांतरी. पॅरासिटामॉलची सलाईनमधून द्यायची बाटली मंगळवारी दुपारी तीनपासून दर आठ तासांनी लावली होती आणि बुधवारी रात्री अकराची शेवटची ठरली होती. पाच बाटल्या. बिलांत आठ.

चार आणि तीन. दोन्हीकडे नेमकं इतकंच जादा का, म्हणून मंगळवारची बिलं एकाखाली एक ठेवली. सकाळी 9:12 चं एक बिल होतं, त्यात चार वायल, तीन बाटल्या आणि दोन सलाईन सेट. 9:20 ला दुसरं बिल, वेगळ्या नंबरचं. त्यातही चार वायल, तीन बाटल्या, दोन सलाईन सेट. बॅच नंबर तेच, एक्स्पायरी तीच, रक्कम तीच, 1,440 रुपये. इंडेंटची चिठ्ठी खाली गेली होती आणि माल यायला उशीर झाला म्हणून वॉर्डातून फोनही गेला होता. काउंटरवर दोघांनी दोनदा बिल केलं आणि माल एकदाच वर गेला. हे मागाहून कळलं, पण आठ मिनिटांचं अंतर आणि तोच बॅच दिसला तेव्हाच मला अंदाज आला होता.

बॅच एकच आहे एवढ्यावरून मात्र दुबार ठरवू नका. दुकानात एका बॅचच्या शंभर वायल असतात, त्यामुळे सोमवारच्या आणि बुधवारच्या बिलात तोच बॅच असणं साहजिक आहे. संशय घ्यायचा तो जवळजवळ एकाच वेळेला, तीच यादी, त्याच संख्येने पुन्हा आली तर, आणि तोही ट्रीटमेंट शीटच्या मोजणीत तेवढंच जादा निघत असेल तर. उलटही घडतं. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी येतं आणि त्या दोन ओळी वेगवेगळ्या औषधांच्या वाटतात. म्हणून ब्रँडच्या नावापेक्षा वेष्टनावरच्या मूळ औषधाचं नाव वहीत लिहा.

दोन सलाईन सुया लागल्या की तीन, हा वाद घालण्यात अर्थ नसतो. शीर फुटते, सुई पुन्हा लावावी लागते आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद होतेच असं नाही. मी एखाद-दुसऱ्या नगाचा फरक सोडून देतो.

ऑपरेशन थिएटर: एकच ग्लोव्हज तीन नावांनी

मामांच्या बिलात ऑपरेशनच्या वस्तू तीन ठिकाणी होत्या. दवाखान्याच्या बिलात 'ओटी चार्जेस 9,000', त्याखाली 'ओटी कन्झ्युमेबल्स 3,800', आणि मेडिकलमध्ये मंगळवारी दुपारी पडलेलं 'ओटी' शिक्क्याचं वेगळं बिल. 'ओटी चार्जेस' म्हणजे खोली, टेबल, यंत्रं, वीज, स्टाफ. त्यात वस्तू धरलेल्या नसतील तर कन्झ्युमेबल्स वेगळे लावायला हरकत नाही. पण मग ते मेडिकलच्या बिलात पुन्हा कशासाठी?

म्हणून 3,800 ची फोड मागितली. "ते पॅकेज असतं, फोड नसते," बिलिंगच्या मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, "पॅकेज असेल तर यादी असेलच ना मॅडम, नाहीतर 3,800 हा आकडा आला कुठून?" पाच मिनिटांनी प्रिंट आली. चौदा वस्तू होत्या. त्यात निर्जंतुक ग्लोव्हजच्या सहा जोड्या, ब्लेड दोन, ड्रेप पॅक म्हणजे पेशंटवर टाकायच्या निर्जंतुक चादरींचा संच, आणि रक्तवाहिन्या बंद करायची कॉटरीची पेन्सिल. मेडिकलच्या ओटी बिलातही ग्लोव्हज सहा, ब्लेड दोन, ड्रेप पॅक एक, कॉटरी पेन्सिल एक.

आता बारा जोड्या लागल्या नसतील कशावरून? ऑपरेशनच्या नोंदीवर माणसं मोजा. सर्जन, मदतनीस डॉक्टर, सिस्टर, आणि कमरेत इंजेक्शन देणारे भूलतज्ज्ञ. चार जोड्या. एखादा ग्लोव्ह फाटतो, जाळी हातात घेण्याआधी काही सर्जन ग्लोव्हज बदलतात, म्हणून सहा-सात पटतात. दोघांनी दुहेरी घातले तर आठ-नऊही. बारा मात्र ओढूनताणून. ड्रेप पॅक आणि कॉटरी पेन्सिल यांना तर असा कोणताच बचाव नाही. एका जांघेच्या एका ऑपरेशनला दोन पेन्सिली लागत नाहीत. एक खाली पडली असं कोणी म्हणालं तर ते होऊ शकतं, पण मग चारही वस्तू बरोबर दुप्पट कशा?

असं होण्याचं कारण बहुतेक ठिकाणी सारखंच. प्रत्येक ऑपरेशनची ठरलेली यादी सॉफ्टवेअरमध्ये भरलेली असते आणि ऑपरेशनचं नाव टाकलं की ती आपोआप बिलात येते. तिकडे ओटीचा माणूस प्रत्यक्ष वापरलेल्या वस्तूंची चिठ्ठी मेडिकलला देतो. त्याला यादीचं ठाऊक नसतं आणि बिलिंगला चिठ्ठीचं. मामांच्या बिलात दोन्हीकडे असलेल्या वस्तूंचे ग्लोव्हजचे 360, ब्लेडचे 20, ड्रेपचे 850 आणि पेन्सिलचे 450, असे 1,680 झाले.

जाळी तपासायची पद्धत वेगळी. जाळी, स्क्रू, प्लेट, स्टेंट यांच्या वेष्टनावर चिकटपट्टीसारखं स्टिकर असतं. ते काढून ऑपरेशनच्या नोंदीच्या पानावर चिकटवतात. त्यावर माप, लॉट नंबर आणि कंपनी असते. बिलातल्या ओळीशी माप आणि लॉट जुळवा, आणि वेष्टनावर छापलेली एमआरपी बिलातल्या रकमेपेक्षा कमी नाही ना ते पाहा. बिलात दोन जाळ्या असतील तर स्टिकरही दोन हवेत. मामांची जाळी 7.5 बाय 15 सेंटिमीटरची होती. स्टिकरवर तेच माप, बिलात तेच, किंमतही एमआरपीच्या आतच. तिथे काही चुकीचं नव्हतं, आणि तसं मी मॅडमना सांगितलंही. चार चुका दाखवताना बरोबर असलेलंही मान्य केलं की समोरचा माणूस ऐकून घेतो.

निर्जंतुक पाकीट उघडलं पण वस्तू वापरली नाही, तर ती परत घेता येत नाही. टाक्याचा धागा, स्पायनल सुई यांच्या बाबतीत असं बरेचदा होतं. 'वापरलं नाही म्हणून काढा' हा आग्रह तिथे टिकत नाही.

काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही अशा ओळी

'इतर', 'मिसलेनियस', 'वॉर्ड कन्झ्युमेबल्स', 'डॉक्युमेंटेशन', 'फाइल चार्जेस'. अशा ओळीला एकच प्रश्न विचारायचा: ही कोणत्या तारखेला, कोणत्या वस्तूसाठी किंवा कामासाठी लागली? मामांच्या बिलात 'मिसलेनियस 1,200' होतं. बिलिंगने वॉर्डला फोन केला, वॉर्डने ओटीला, ओटीने पुन्हा बिलिंगला. शेवटी ती ओळ काढली.

विमा असेल तर या ओळींकडे जास्तच लक्ष हवं. विमा नियामकाने अशा किरकोळ वस्तूंच्या याद्या ठरवून दिल्या आहेत. फाइल, डिस्चार्जची कागदपत्रं, टोपी, गाऊन हे खोलीच्या भाड्यातच धरायचं. ब्लेड, गॉज, कापूस, चिकटपट्टी ऑपरेशनच्या खर्चात. स्पिरिट, स्वॅब, युरीन बॅग, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या उपचारांच्या खर्चात. दवाखान्याने त्या वेगळ्या लावल्या की विमा कंपनी त्यांचे पैसे वेगळे देत नाही आणि कॅशलेसमधून कापलेली रक्कम डिस्चार्जला तुमच्याकडे मागितली जाते. तेव्हा कापलेल्या रकमेची यादी मागा आणि विचारा, हे भाड्यात किंवा ऑपरेशनच्या खर्चात धरलेलं असताना वेगळं का लावलं?

महात्मा फुले योजनेतून उपचार चालू असतील तर हा सगळा उपद्व्याप निराळा. तिथे मंजूर पॅकेजमध्ये औषधं आणि वस्तू धरलेल्या असतात. बाहेरून काही आणायला सांगितलं तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे जा.

साखरेची तपासणी हीदेखील दुबार आकारणीची नेहमीची जागा आहे. दवाखान्याच्या बिलात बोट टोचून केलेल्या सहा तपासण्या, प्रत्येकी 100. मेडिकलमध्ये पट्ट्यांची 25 ची अख्खी डबी. डबी आपण विकत घेतली असेल तर तपासणीचे पूर्ण पैसे कशाचे, आणि तपासणीत पट्टी धरली असेल तर डबी कशाची? यावर मात्र आमचं एकमत झालं नाही. त्यांचं म्हणणं, 100 रुपये सिस्टरच्या कामाचे. मी फार ताणलं नाही. पण डबी आमची असेल तर ती आमच्या पिशवीत हवी, एवढं म्हटलं. सिस्टरने लॉकरमधून काढून दिली. आत 19 पट्ट्या होत्या, सहा वापरलेल्या. हिशेब जुळत होता.

काउंटरवर बोलताना

एका कागदावर फक्त आक्षेपाच्या ओळी लिहा: बिल नंबर, तारीख, वस्तू, रक्कम, आणि शेजारी चार शब्दांत कारण. 'बिल 9:12 व 9:20, यादी एकच' असं. 'लुटता तुम्ही' म्हटलं की बोलणं डॉक्टरांच्या फीवर जातं, आणि तिथे तुमच्या हातात काही नसतं. खासगी दवाखान्यात सर्जनची फी किंवा खोलीचा दर जास्त वाटला तरी ती दुबार आकारणी नव्हे. तो दर फलकावर लावला होता का, एवढंच विचारता येतं. बिलिंगच्या माणसाला स्वतःहून ओळ काढायचा अधिकार बहुधा नसतो, म्हणून व्यवस्थापकाला बोलवायला सांगा आणि तोवर बाकावर बसून राहा. आम्हाला चाळीस मिनिटं लागली. 2,500, 1,440, 1,680 आणि 1,200, असे एकूण 6,820 कमी झाले.

ऐकलंच नाही तर वादात नसलेली रक्कम भरा, उरलेल्या ओळींवर लेखी हरकत द्या आणि तिच्या प्रतीवर पोच घ्या. पूर्ण रक्कम भरावीच लागली तर ती 'हरकत नोंदवून भरली' असं त्या अर्जात लिहा. पुढे दवाखान्याच्या तक्रार निवारणाकडे, तिथून जळगाव किंवा धुळे शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि बाकी ठिकाणी जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे तक्रार करता येते. एमआरपीपेक्षा जास्त घेतलं असेल तर वैध मापन शास्त्र विभाग, औषधाबाबत अन्न व औषध प्रशासन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

दुरुस्त बिल हातात आलं की लगेच खिशात घालू नका. जुन्या बिलावर पेनने काट मारून दिली असेल तर नवीन प्रिंट मागा. मेडिकलचं 9:20 चं बिल रद्द झाल्याचं रिटर्न बिलही वेगळं घ्या. नाहीतर विम्याच्या फाइलमध्ये मूळ बिल एका रकमेचं आणि पावती दुसऱ्या रकमेची असं होतं आणि प्रकरण महिनाभर अडकतं. आमच्या नव्या प्रिंटवर दिवस 3 झाले होते, खोली आणि नर्सिंग त्याप्रमाणे कमी केलं होतं, पण आरएमओच्या रकान्यात 4 च राहिले होते. परत फिरून तेवढे 300 काढून घेतले आणि मगच मामांना गाडीत बसवलं.